खुर्ची हळूहळू दाराकडे

दहा महिन्यांचे बाळ रात्री साडेअकराला, सव्वाला, तीनला आणि पुन्हा पहाटे पाचला रडत उठते, तेव्हा आईबाबांना वाटते की याची झोपच कच्ची आहे. बहुतेक वेळा तसे नसते. या वयाच्या बाळाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचे असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. बाळ कूस बदलते, कुंथते, क्षणभर डोळे उघडते. हे सगळीच बाळे करतात, गाढ झोपणारी म्हणून ज्यांचे कौतुक होते तीसुद्धा. फरक पडतो तो पुढच्या मिनिटात. जे बाळ रात्री आपल्या जागेवर पडल्यापडल्या झोपी गेले, त्याला डोळे उघडल्यावर तेच छत, तोच कठडा आणि तोच अंधार दिसतो, आणि ते पुन्हा झोपते. जे बाळ बाबाच्या खांद्यावर झोपले आणि मग अलगद बेबी कॉटमध्ये ठेवले गेले, त्याच्या भोवतीचे सगळे बदललेले असते. खांदा नाही, ऊब नाही, झुलणे नाही. झोप येण्यासाठी ज्या गोष्टी लागतात असे त्याला माहीत आहे, त्यांतली एकही जागेवर नाही, म्हणून ते हाक मारते.

त्यामुळे मध्यरात्रीच्या जागरणावरचा इलाज मध्यरात्री सुरू होत नाही. तो रात्री आठ वाजता, बाळ पहिल्यांदा झोपी जाते तेव्हा सुरू होतो. स्लीप ट्रेनिंगच्या सगळ्या पद्धती या एका गोष्टीवर उभ्या आहेत. बाळाने जागेपणी कॉटमध्ये जावे आणि तिथेच झोपावे, इथपर्यंत त्या सगळ्या एकसारख्या आहेत. हे घडताना आईबाबांनी कुठे असावे, यावर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

सर्वांत कठोर वाटेचे वर्णन १९५९ साली सी. डी. विल्यम्स यांच्या एका छोट्याशा शोधनिबंधात आले. एकवीस महिन्यांच्या एका मुलाला निरोप देऊन खोलीत ठेवायचे, दार लावायचे आणि परत आत जायचे नाही, असे त्या घराने ठरवले. पहिल्यांदा तो ४५ मिनिटे रडला आणि दहाव्या खेपेपर्यंत रडणे थांबले. पुढे आठवडाभराने एकदा त्याच्या मावशी-आत्यांपैकी एकीने त्याला झोपवले. तो रडल्यावर ती परत आत गेली आणि झोप लागेपर्यंत बसून राहिली. त्याबरोबर जुने रडणे पूर्ण जोराने परतले आणि सगळे पुन्हा करावे लागले. या निबंधातली ही मावशी मला दार लावण्याच्या कृतीपेक्षा महत्त्वाची वाटते. नियम एखाद्याच रात्री मोडला तर काय होते, हे तिच्यामुळे नोंदले गेले.

खुर्चीची पद्धत दार लावत नाही. आई किंवा बाबा खोलीतच थांबतात, कॉटशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दर काही रात्रींनी खुर्ची थोडी दाराकडे सरकवतात. अमेरिकेत किम वेस्ट यांच्या पुस्तकाने ही पद्धत घरोघरी नेली. ऑस्ट्रेलियात तिला ‘कॅम्पिंग आउट’ म्हणतात आणि तिथल्या सरकारी माता-बाल आरोग्य केंद्रांतल्या परिचारिका ती पालकांना शिकवतात. मेलबर्नमध्ये हॅरिएट हिस्कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या झोपेने हैराण झालेल्या ३२८ मातांना घेऊन एक चाचणी केली. निम्म्या भागातल्या परिचारिकांना झोपेचे प्रशिक्षण दिले आणि त्यांनी पालकांसमोर दोन वाटा ठेवल्या: ठरावीक अंतराने आत जाऊन धीर देणे किंवा खुर्ची. बाळे वर्षाची झाली तेव्हा नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ५५ टक्के मातांना झोपेची तक्रार होती, तर प्रशिक्षण मिळालेल्या गटात ३९ टक्के मातांना. ही मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासले. वागणूक, भावना, ताण, आईवडिलांशी जवळीक, यांपैकी कशातच दोन गटांत फरक सापडला नाही. अपाय दिसला नाही, तसा इतक्या वर्षांनी टिकलेला फायदाही दिसला नाही. हे आकडे दोन्ही वाटांचे मिळून आहेत, एकट्या खुर्चीचे नाहीत, हे वाचताना ध्यानात ठेवावे. आणि ३९ टक्के हा आकडाही छोटा नाही. शिकवूनसुद्धा बऱ्याच घरांत तक्रार उरली होती.

आता प्रत्यक्ष पद्धत. ती सहा महिन्यांच्या आत वापरायची नाही. त्याआधी बाळाला रात्री दूध लागते आणि झोपेचे घड्याळही पुरते बसलेले नसते. अपुऱ्या दिवसांचे बाळ, वजन नीट न वाढणारे बाळ, झोपेत घोरणारे किंवा दूध सतत वर येणारे बाळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. ताप, कानदुखी, प्रवास, पाळणाघराचा पहिला आठवडा, घर बदलणे, यांपैकी काही सुरू असेल तर थांबावे. सलग तीन आठवडे घर एका जागी आणि एका ठेक्यात राहील असा काळ निवडावा.

एक उदाहरण धरून चालू. मेलबर्नच्या एका उपनगरात राहणारे मराठी जोडपे, दोघेही नोकरी करणारे, घरात आजी-आजोबा नाहीत. मुलगी दहा महिन्यांची. कॉट तिच्या छोट्या खोलीत आहे. आई तिला साडेसातला अंगावर पाजायला घेते, ती अर्धवट झोपते, मग बाबा खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतो आणि सव्वाआठच्या सुमारास ती झोपते. रात्री चार वेळा उठते, प्रत्येक वेळी पाजून किंवा फेऱ्या मारून झोपवावे लागते.

पहिली दुरुस्ती वेळेची. ही मुलगी सव्वाआठला झोपते, म्हणजे तिच्या शरीराची झोपायची वेळ आज सव्वाआठ आहे. साडेसातला कॉटमध्ये ठेवले तर पाऊण तास ती जागीच राहणार, आणि तो पाऊण तास रडण्यात जाणार. म्हणून पहिल्या आठवड्यात तिला आठ वाजून दहा मिनिटांनी कॉटमध्ये ठेवायचे. झोप पटकन लागू लागली की दर दोन-तीन दिवसांनी ही वेळ दहा-पंधरा मिनिटे अलीकडे आणता येते. दुपारची शेवटची झोप आणि रात्रीची कॉटमध्ये जायची वेळ यांत या वयात साडेतीन-चार तासांचे अंतर लागते, म्हणून ती साडेचारच्या सुमारास उठलेली असावी. दिवसाच्या झोपा मात्र तूर्त जशा येतात तशा येऊ द्याव्यात, बाबागाडीत, खांद्यावर, कुठेही. दिवसा झोप बुडालेले बाळ रात्री जास्त चिडते, आणि शिकायचे काम रात्री जमले की दिवसा पुष्कळ सोपे जाते.

दुसरी दुरुस्ती दुधाची, आणि बरेच जण हीच वगळतात. पाजणे आणि झोपणे एकमेकांना चिकटलेले असेल तर खुर्ची कुठेही ठेवा, उपयोग होत नाही. म्हणून शेवटचे दूध दिव्याच्या उजेडात, बैठकीच्या खोलीत, झोपेच्या अर्धा तास आधी द्यायचे. मग अंघोळ किंवा अंग पुसणे, लंगोट, झोपेचे कपडे, एक-दोन चित्रांची पुस्तके, एक गाणे आणि कॉट. क्रम रोज तोच. पुस्तक वाचताना ती पेंगायला लागली तर पुस्तक आवरून तिला लगेच कॉटमध्ये ठेवायचे, डोळे उघडे असताना. पूर्ण पेंगून गेलेले बाळ कॉटमध्ये ठेवले तर झोपेचा मोठा भाग खांद्यावरच उरकलेला असतो आणि शिकायला काही उरत नाही.

कॉटही तपासून घ्यावी. गादी घट्ट आणि सपाट, तिच्यावर एक घट्ट बसणारी चादर, बाकी काही नाही. राईची उशी, लोड, गोधडी, कठड्याला बांधायच्या मऊ गाद्या, खेळणी, हे सगळे वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागेतून बाहेर काढावे, कारण त्यांत तोंड दबून श्वास कोंडू शकतो. बाळाला पाठीवर ठेवावे. स्वतःहून पोटावर वळले तर वळू द्यावे. ते धरून उभे राहू लागले असेल तर गादी सर्वांत खालच्या पातळीवर उतरवावी.

पहिल्या रात्री खुर्ची कॉटला चिकटून ठेवायची, इतकी जवळ की कठड्यावरून हात आत जाईल. साधी, सरळ पाठीची खुर्ची असावी; आरामखुर्चीत बसणाऱ्यालाच आधी झोप लागते. मोबाईल बाहेर ठेवावा. त्याच्या उजेडात आईचा चेहरा दिसत राहतो, आणि बाळाच्या दृष्टीने उजळलेला चेहरा म्हणजे खेळण्याचे बोलावणे. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी पहिल्या रात्री बाबाने बसावे असे मी सुचवेन, कारण त्याच्या जवळ येण्याने दुधाची आठवण होत नाही. मात्र एका रात्री एकच माणूस, हा नियम पाळावा. अर्ध्या तासाने माणूस बदलला की बाळाला कळते की जोरात रडल्यावर दुसरा येतो.

आपल्या उदाहरणातली मुलगी आठ-दहाला कॉटमध्ये ठेवल्याबरोबर उठून उभी राहते, कठडा धरून हात पसरते आणि मोठ्याने रडते. बाबा बसलेला आहे. तो एकदा तिला हळूच आडवी करतो, “झोप आता, बाबा इथेच आहे,” म्हणतो आणि गादीवर हात थोपटतो. ती पुन्हा उभी राहते. तो पुन्हा एकदा आडवी करतो. तिसऱ्यांदा तो तसे करत नाही, कारण तीन-चार वेळा झाले की आडवे करणे हा दोघांचा खेळ होतो. तो बसूनच गादी थोपटत राहतो, म्हणजे तिने खाली यावे. काही बाळांना उभे राहता येते पण परत बसता येत नाही. ती खरोखर अडकून रडतात. हे दिवसा पाहून ठेवावे आणि कठड्याशी वाकून बसायचा सराव खेळताना करून घ्यावा.

ती आडवी झाली की तो तिच्या पाठीवर हात ठेवतो. थोपटतो, थांबतो, पुन्हा थोपटतो. हे थांबणे मुद्दाम आहे. एकसारखे थोपटत राहिले तर खांद्याच्या जागी थोपटणे येते आणि रात्री एक वाजता ती थोपटणे मागते. रडणे चढले की हात, उतरले की हात मागे. आणि डोळे मिटत आले की हात उचलायचा, म्हणजे झोपेत शिरण्याचा शेवटचा भाग तिने एकटीने पार केलेला असतो. बोलणे एकाच वाक्याचे, एकाच सुरात, मिनिटा-दोन मिनिटांनी एकदा. समजूत घालू नये, नवी गाणी काढू नयेत. ती रडून रडून हुंदक्यांवर आली, धाप लागली, उलटी होईल असे वाटले, तर उचलायचे, उभ्याउभ्या कॉटशेजारीच शांत करायचे, फेऱ्या मारायच्या नाहीत आणि हुंदके ओसरले की जागीच परत ठेवायचे. खांद्यावर घेतल्याबरोबर ती पटकन शांत झाली आणि ठेवल्याबरोबर दुप्पट रडली, असे दोनदा झाले, तर उचलण्याने तिला त्रासच होतो आहे असे समजून पुढे बसूनच धीर द्यावा.

पहिल्या रात्री या सगळ्याला तासभर लागला तर ते नेहमीचे आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री रडणे कमी होण्याऐवजी वाढते, असेही पुष्कळ घरांत दिसते. जी युक्ती आजवर चालत होती ती बाळ शेवटचा जोर लावून पाहते, म्हणून हे घडते. नेमक्या याच रात्री घरात मतभेद होतात आणि कुणीतरी बाळाला उचलून पाजते. विल्यम्सच्या निबंधातली मावशी इथे आठवावी. पाऊण तास रडल्यावर पाजले गेलेले बाळ शिकते ते एवढेच की पाऊण तास रडावे लागते. पाजायचेच असेल तर पहिल्या पाच मिनिटांत पाजावे; त्याने कमी बिघडते.

रात्रीच्या जागरणाला नियम तोच. साडेअकराला ती उठली तर खुर्ची आठ वाजता जिथे होती तिथेच, हातही तसाच, वाक्यही तेच. आधी एक-दोन मिनिटे दाराबाहेर थांबून ऐकावे. पुष्कळ बाळे झोपेतच कुरकुरतात आणि आत जाणारा माणूसच त्यांना जागे करतो. मध्यरात्रीपूर्वीचे जागरण सहसा लवकर सुधारते, कारण तेव्हा झोपेची ओढ दाट असते. पहाटे चार-पाचचे सर्वांत उशिरा सुधारते. तोवर रात्रभराची झोप बरीचशी पुरी झालेली असते, ओढ उरलेली नसते, आणि तासभर खुर्चीवर बसूनही काही वेळा ती झोपत नाही. तिथे पद्धत फसली असे समजू नये. सहाच्या आत दिवा लावू नये आणि दिवस सुरू करू नये, एवढे सांभाळावे.

रात्रीच्या दुधाचे काय, हे खुर्ची ठेवण्याआधी ठरवावे. चांगले वाढणाऱ्या, दिवसा वरचे अन्न नीट खाणाऱ्या दहा महिन्यांच्या बाळाला बहुधा रात्रीच्या दुधाची गरज नसते, पण हे आपल्या डॉक्टरांकडून वजनाचा तक्ता दाखवून पक्के करावे. एक दूध ठेवायचे ठरले तर त्याची वेळ ठरवावी, उदाहरणार्थ रात्री एकनंतरच्या पहिल्या जागरणाला. त्याआधीच्या आणि नंतरच्या जागरणाला खुर्ची. दूध बंद करायचे ठरले तर एकदम तोडू नये. बाटलीने पिणाऱ्या बाळाचे दर दुसऱ्या रात्री २० ते ३० मिलिलिटरने कमी करत जावे, अंगावर पिणाऱ्याचे दर दुसऱ्या रात्री दोन-तीन मिनिटांनी. आईलाही अचानक तोडल्याने गाठी येण्याचा त्रास होतो.

चौथी रात्र माझ्या मते या पद्धतीतली खरी पायरी आहे, आणि बऱ्याच वर्णनांत ती घाईने उरकलेली असते. खुर्ची अजून कॉटजवळच आहे, पण आता हात आत जात नाही. बाळाच्या बाजूने पाहिले तर खुर्ची अर्धा मीटर सरकण्यापेक्षा हात नाहीसा होणे हे फार मोठे अंतर आहे. म्हणून खुर्ची आणि हात एकाच रात्री दूर करू नयेत. तीन रात्री हात असताना, मग तीन रात्री हात नसताना पण तिथेच बसून, आणि मग खुर्ची हलवावी. हात काढल्याच्या रात्री रडणे पुन्हा पहिल्या रात्रीइतके चढू शकते. ते दोन रात्रींत उतरले तर सगळे ठीक आहे. उतरले नाही तर मधली एक पायरी घालावी: हात कठड्यावर ठेवायचा, बाळाला दिसेल पण अंगाला लागणार नाही असा.

हात सुटला की खुर्चीचा प्रवास सोपा असतो. आपल्या उदाहरणात सातव्या रात्री ती खोलीच्या मध्यावर जाते, दहाव्या रात्री दाराच्या आतल्या बाजूला, तेराव्या रात्री उंबऱ्याबाहेर, दार उघडे ठेवून, बाबाचा पाय किंवा खांदा दिसेल अशी. सोळाव्या रात्री खुर्ची बोळात जाते, तिथून तो दिसत नाही. ती कुरकुरली तर तिथूनच ते ठरलेले वाक्य ऐकू जाते. त्यानंतर खुर्ची लागत नाही. खोली लहान असेल तर मधले टप्पे गळतात, मोठी असेल तर वाढतात. तीन रात्रींचा हिशेब ढोबळ आहे. पुढे जाण्याची खूण दुसरीच आहे: सलग दोन रात्री बाळ साधारण वीस मिनिटांच्या आत, उचलल्याविना झोपले, की खुर्ची हलवावी. ती हलवली की मागे आणू नये. रडणे वाढले म्हणून खुर्ची परत कॉटशी नेली तर रडण्याने खुर्ची जवळ येते, हेच बाळ शिकते. त्यापेक्षा आहे त्या जागी एक-दोन रात्री जास्त थांबावे.

पण एका जागी अती रेंगाळणेही घातक असते. पहिल्या आठवड्यात सगळे सुरळीत झाले, बाळ खुर्चीशेजारी दहा मिनिटांत झोपू लागले, की दमलेल्या आईबाबांना तिथेच थांबावेसे वाटते. महिन्याभराने खुर्चीच झोपेची अट होऊन बसते आणि रात्री एकला ते उठते तेव्हा खुर्ची मोकळी दिसते. संध्याकाळी पटकन झोपणारे पण रात्री पूर्वीइतकेच उठणारे बाळ दिसले, तर बहुधा हेच झालेले असते. उपाय एकच, खुर्ची पुढे सरकवणे.

काही बाळांना ही पद्धत मुळातच मानवत नाही, आणि ते ओळखता यायला हवे. आई समोर बसलेली आहे पण उचलत नाही, याचा त्यांना एकटेपणापेक्षा जास्त त्रास होतो. चार-पाच रात्री पूर्ण नियमाने करूनही रडण्याचा वेळ तसूभर उतरला नाही, बसलेल्या माणसाची हालचाल झाली की ते भडकते, आणि माणूस पाणी प्यायला दोन मिनिटे बाहेर गेला तेव्हाच उलट शांत होते, ही त्याची लक्षणे. अशा बाळाला निरोप देऊन बाहेर जाणे आणि ठरावीक मिनिटांनी क्षणभर येऊन धीर देणे जास्त सोसते. याउलट, आठ-नऊ महिन्यांपासून पुढे बरेच दिवस आई दृष्टीआड झाली की घाबरणारी जी बाळे असतात, त्यांच्यासाठी खुर्ची ही सगळ्यांत सुसह्य वाट आहे. आपले बाळ यांपैकी कोणते, हे बहुधा पहिल्या आठवड्यात कळते.

मराठी घरांत एक अडचण हमखास येते: वेगळी खोलीच नसते. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात बाळाची कॉट आईबाबांच्या पलंगाशेजारीच असते, आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत तरी तशी ती असणेच सुरक्षित मानले जाते. तिथे दारापर्यंत जायचे कारण नाही. खुर्चीचा शेवटचा मुक्काम आईबाबांचा पलंग. खुर्ची कॉटशेजारून पलंगाच्या कडेला येते, मग आई पलंगावर बसते, मग आडवी पडते आणि शेवटी कॉटकडे पाठ करून पडते. बाळ उठले तर ती आधी डोळे मिटून पडून राहते, हलत नाही. कॉट आणि पलंग यांच्यामध्ये एखादा पडदा टाकल्यास पहाटेच्या जागरणांना मदत होते. बाळ अजून झोळीत किंवा पाळण्यात झोके घेऊन झोपत असेल तर खुर्चीच्या आधी झोक्यांचे काम काढावे: काही रात्री झोका देताना पेंग येताच हात थांबवावा, मग झोका कमी-कमी करून पाळणा स्थिर ठेवूनच झोपू द्यावे, आणि ते जमल्यावर कॉट व खुर्ची सुरू करावी. झोपेत शिरण्याच्या सगळ्या मदती एकाच रात्री काढल्या तर मोठ्या माणसालाही झोप लागणार नाही.

आजी घरात असेल तर तिला पहिल्याच दिवशी पूर्ण योजना सांगावी आणि तिची शंका नीट ऐकून घ्यावी. भिंतीपलीकडे बाळ अर्धा तास रडत असताना आजीने निमूट पडून राहावे ही अपेक्षा मोठी आहे. तिला दिवसाची झोप सोपवावी, ती हवी तशी मांडीवर झोपवू दे. रात्रीचे मात्र तीन आठवडे एकाच माणसाच्या हाती ठेवावे.

सगळे बसल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ताप येतो किंवा गणपतीला गावी जाणे होते, आणि बाळ पुन्हा खांद्यावर झोपू लागते. आजारात त्याला जवळच घ्यावे; तेव्हा नियम नसतात. ताप उतरून दोन रात्री गेल्या की खुर्ची परत आणावी, पण कॉटशेजारून सुरुवात करायची गरज नसते. खोलीच्या मध्यावर ठेवावी, हात न लावता बसावे आणि एक-दोन रात्रींनी दाराशी न्यावी. एकदा शिकलेले बाळ दुसऱ्या खेपेला बहुधा आठवड्याच्या आत परतते. आठवड्यात परतले नाही, तर कान तपासून घ्यावेत, दात पाहावेत आणि दुपारची झोप संध्याकाळकडे सरकली आहे का ते बघावे.